न आलेल्या पाहुण्यांचं कमिशन

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पेन धरलं ते गावच्या कर्ज सोसायटीच्या फॉर्मवर सही करायला, आणि तीही वडील आधी पाटीवर एकदा गिरवून मगच कागदावर करायचे. अशा घरातल्या मुलानं आठवणी लिहाव्यात हे मलाच थोडं जास्त वाटतं. लिहिणाऱ्यानं काहीतरी मोठं पाहिलेलं असावं अशी माझी समजूत आहे. मी पाहिलं ते मढजवळचं आठ खोल्यांचं एक हॉटेल, ते चालवणारे, नात्यानं नव्हे पण म्हणायला काका-काकू आणि हॉटेलचा एक मोबाईल. पण कॉलेजात हे सांगायला लागलो की मुलं "मग?" असं विचारत राहतात, आणि दर वेळी माझी एस्टी निघून जाते. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मी जुन्नरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव मढच्या वर, डोंगराला टेकलेलं. थोडा भात, थोडी नाचणी. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं मी मढला उतरायचो, शनिवार-रविवार हॉटेलात काम करायचो आणि सोमवारी सकाळी परत जुन्नरला. काम काय, तर मोबाईल सांभाळायचा. मला इंग्रजी वाचता येतं अशी काकांची खात्री होती. मला तेवढी नव्हती, पण मी तसं बोललो नाही.

काका एस्टीत कंडक्टर होते. निवृत्तीचे पैसे आणि पुण्यातल्या मुलानं काढलेलं कर्ज मिळून माळशेजच्या रस्त्यावर हे हॉटेल उभं राहिलं. पाहुणे आले की काका अजूनही "पुढं सरका, पुढं सरका, आत लई जागा हाय" म्हणत. स्वयंपाक काकूंचा. त्यांच्या हाताखाली गावातल्या दोन बायका होत्या, पण मसाला आणि मासवडी त्या कुणाला हात लावू देत नसत.

पहिली दोन वर्षं हॉटेलात फारसं कुणी आलं नाही. मग मुलानं ते दोन बुकिंग साइटींवर टाकलं आणि खोल्या भरू लागल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी साइटींबद्दल तक्रार करणार आहे, आणि उपकार विसरलो असं कुणाला वाटायला नको. एक साइट पाहुण्याकडून आधीच पैसे घेऊन आपला वाटा कापायची आणि उरलेले बँकेत पाठवायची. दुसरीवर पाहुणा हॉटेलात पैसे द्यायचा आणि साइट महिन्याच्या शेवटी कमिशनचं बिल पाठवायची. शंभराला अठरा, आणि त्या अठरांवर जीएसटी वेगळा. म्हणजे शंभरातले एकवीस रुपये आणि वर चिल्लर. काका म्हणायचे, "मी आयुष्यभर दुसऱ्याची तिकिटं फाडली. आता माझं कोण फाडतंय ते दिसत बी नाय."

त्या वर्षी ज्येष्ठात मुलगा पुण्याहून आला तो एक कागद घेऊन. पुण्याची एक कंपनी अशी लहान हॉटेलं चालवायला घेते. ती रंग देणार, नाव बदलणार, आपली माणसं आणणार आणि येणाऱ्या पैशातून आपला वाटा कापून उरलेले दर महिन्याला देणार. काका-काकूंनी मागच्या खोलीत आरामात राहायचं.

काकूंनी विचारलं, "आनि सैपाक?"

मुलगा म्हणाला, "त्यांचा आचारी असतो, आई. सगळीकडं एकच मेनू असतो त्यांचा."

काकू आत गेल्या आणि पाट्यावर मसाला वाटायला लागल्या. घरात चांगला चालणारा मिक्सर असताना. मुलगा वाईट नव्हता. कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जात होता आणि साइटींना जाणारी रक्कम बघून त्याची झोप उडाली होती. शेवटी त्यानं एक मुदत दिली. दिवाळीपर्यंत दहातली पाच बुकिंगं थेट आली, म्हणजे साइटीशिवाय, तर कागद मागं. नाहीतर सही.

मुलगा गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "तू शिकतोस ना हिशोबाचं? मग माझी चूल वाचव."

मी हो म्हणालो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असं काही शिकवत नाहीत, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

मी सुरुवात जुनी बिलं वाचण्यापासून केली. दुसऱ्या साइटीच्या बिलात प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि त्यापुढं कमिशन असतं. ती नावं मी काकांच्या वहीशी ताडून बघायला लागलो. काकांची वही एस्टीच्या शिस्तीची होती. कोण आलं, किती वाजता आलं, सोबत किती माणसं. दर महिन्याला बिलात तीन-चार नावं अशी निघत, जी वहीत नव्हतीच. मला आधी वाटलं साइटीची चूक. दोन दिवस मी मनातल्या मनात साइटीला इंग्रजीत सुनावत होतो. मग कळलं, ते लोक बुकिंग करून आलेच नव्हते. असा पाहुणा आला नाही तर हॉटेलानं ठरलेल्या मुदतीत मोबाईलवर 'आला नाही' असं नोंदवायचं असतं. नोंदवलं नाही, तर साइट समजते तो आला, राहिला, जेवला आणि गेला. आणि कमिशन लावते.

काकांनी हे एकदाही नोंदवलं नव्हतं. मी घाबरत विचारलं, तर त्यांना ते बटण माहीत होतं.

"बटन हाय की. पन ते दाबायचं कसं? त्यो येनार म्हनलाय."

मी म्हणालो, काका, तो तीन महिन्यांपूर्वी येणार होता.

"घाटात अडकला आसंल."

मी विचारलं, एस्टीत तुम्ही काय करायचात? रिझर्वेशनवाला आला नाही तर सीट दुसऱ्याला द्यायचात ना? काकांनी माझ्याकडं बघितलं, तसं ते बहुधा फुकट्या प्रवाशाकडं बघत असतील.

"गाडी सुटायची, म्हनून देत व्हतो. हॉटेल कुटं सुटतंय? हे हितंच हाय. त्यो कवा बी येऊ शकतो."

 तर आमच्याकडं असं चाललं होतं. न येणाऱ्याची खोली रात्रभर राखायची, त्याच्या वाट्याचा भात जास्तीचा टाकायचा, सकाळी तो म्हशीला घालायचा, आणि महिन्याच्या शेवटी त्या पाहुण्याचं कमिशन भरायचं. काकांच्या मते येतो म्हटलेल्या माणसावर 'आला नाही' असा शिक्का मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. त्यांच्या गावात पाहुण्याचं नाव असं कुणी कापत नाही.

निवाडा काकूंनी केला. भाकरी थापता थापताच त्या म्हणाल्या, "भात मी ठेवते, त्यो माझा धरम. पन त्येच्या नावानं साइटीला पैसं कशापायी? ती काय भात घालती का त्याला?" मग ठरलं ते असं. संध्याकाळी सातला पाहुण्याला फोन लावायचा. उचलला नाही तरी खोली ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी बटण दाबायचं आणि तेव्हा काकांनी मागं गोठ्यात जायचं, म्हणजे त्यांना दिसणार नाही.

पहिल्या खेपेला मी बटण दाबलं ते ठाण्याच्या एका कुटुंबाचं. काका गोठ्यातून परत आले ते कुणी गेल्यासारखा चेहरा करून. आणि दुपारी बारा वाजता तेच कुटुंब दारात. आदल्या दिवशी गाडीचा क्लच गेला, मोबाईल बंद पडला, रात्र घाटाखाली नातेवाइकांकडं काढली. काका माझ्याकडं असे वळले की मला माझं सगळं शिक्षण व्यर्थ वाटलं. पण त्या लोकांना आता रविवारची खोली हवी होती, आणि ती त्यांनी साइटीवरून नाही, समोर उभं राहून घेतली. ते आमचं पहिलं थेट बुकिंग. काकांनी वहीत त्याला लाल पेनानं चौकट केली.

तिथून काकांना उत्साह आला आणि माझी झोप गेली. साइटीवरून बुकिंग केलेला पाहुणा दारात आला की काका त्याची बॅग धरून म्हणायचे, "पावणं, ते मोबाईलवरचं रद्द करून टाका की. हितंच द्या, शंभर कमी." चार-पाच जणांनी केलंही. मग साइटीचं पत्र आलं. पाहुणे हॉटेलच्या दारात येऊनच बुकिंग का रद्द करतात, असा प्रश्न त्यांनी फार सभ्यपणे विचारला होता. असं करायला लावणं कराराच्या विरुद्ध असतं. पत्रापाठोपाठ आमचं हॉटेल यादीत इतकं खाली गेलं की शोधताना माझं बोट दुखलं. दोन शनिवार-रविवार निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या.

मी शब्दकोश घेऊन इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं. त्यात "आमचे मालक वृद्ध असून त्यांचा हेतू प्रेमळ होता" असं एक वाक्य होतं. काका म्हणाले, वृद्ध काढ. मी काढलं. मग 'त्यांचा हेतू प्रेमळ होता' एवढंच उरलं आणि ते वाचायला बरं दिसेना, पण गेलं तसंच.

त्या पत्रानंतर मला एक गोष्ट कळली. साइटीनं आणलेला पाहुणा या खेपेला साइटीचाच. आपण झटायचं ते त्याच्या पुढच्या खेपेसाठी. म्हणून निघताना पाहुण्याला विचारायचं, पुढं कधी भाताची लावणी, काजवे, थंडीतली हुरड्याची वेळ, असं काही असलं तर कळवू का? हो म्हणाला तर त्याचा नंबर तो स्वतः लिहायचा. नाही म्हणाला तर नाही. गूगलच्या नकाशावर हॉटेलची जागा होती, पण फोन नंबर मुलाच्या जुन्या ऑफिसचा. पुण्यातल्या कुठल्या तरी रिसेप्शनवरची मुलगी दोन वर्षं लोकांना "इथं झुणका मिळत नाही" असं सांगत होती. तो नंबर बदलला आणि फोन वाजायला लागला.

दराचा प्रश्न राहिला. करारात होतं की साइटीवर जो दर, त्याहून कमी दर आपण आपल्या पाटीवर किंवा गूगलवर उघड लावायचा नाही. काकांनी बाहेर पाटी रंगवायला माणूस बोलावलाच होता. त्याला परत पाठवताना मला दोनदा चहा करावा लागला. मग काकूंनीच वाट काढली. दर तोच ठेवायचा, पण थेट येणाऱ्याला रात्रीच्या ताटात मासवडी. साइटीवाल्यालाही जेवण मिळणार, पण मासवडी ताटात नाही, मागवली तर वेगळे पैसे. एका शनिवारी शेजारच्या दोन टेबलांवर ही तफावत उघड झाली. साइटीवाल्या टेबलावरच्या आजोबांनी विचारलं, त्यांना काय म्हणून? काकू पदर खोचून बाहेर आल्या.

"त्यांनी आमाला फोन केला व्हता, बाबा. तुमी मोबाईलला सांगितलं. मोबाईलला मासवडी करता येती का?"

आणि मग त्यांनाही दोन वड्या वाढल्या. धोरण म्हणून हे चूक होतं, असं मी नंतर हळूच सांगितलं. काकू म्हणाल्या, म्हाताऱ्याचं तोंड बघितलंस का तू? पुढच्या महिन्यात त्या आजोबांचा फोन आला. बारा माणसं, तीन खोल्या.

शनिवार-रविवार साइटीला आठही खोल्या द्यायच्या नाहीत, हेही ठरलं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार तसेही भरतात. तेव्हा साइटीवर तीनच खोल्या उघड्या ठेवायच्या, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेव्हा कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा सगळ्या. कागदावर हे फार छान दिसत होतं. पण काका फोनवर खोली देऊन वहीत लिहायचे, आणि मोबाईलवर ती बंद करायची राहून जायची. व्हायचं ते झालं. एका शनिवारी दुपारी चार वाजता पाच नंबरच्या खोलीसमोर दोन कुटुंबं उभी राहिली, दोघांकडं बुकिंग, दोघांकडं लहान मुलं. काका दोघांनाही म्हणाले, पुढं सरका. शेवटी काका-काकूंची स्वतःची खोली गेली. भिंतीवरचे देवांचे फोटो तेवढे राहिले, बाकी सगळं काकूंनी दहा मिनिटांत उचललं. ते कुटुंब जाताना म्हणालं, या खोलीत फार शांत वाटतं, पुढच्या वेळी हीच द्या. काकूंनी मला विचारलं, हिचा काय दर लावायचा?

त्यानंतर मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी मोबाईलवर खोली बंद, मग पाहुण्याला हो. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की फोन आला की आधी म्हणायचे, "थांबा पावणं, आधी दार लावतो." पलीकडचा माणूस बराच वेळ थांबायचा, कारण काकांना चष्मा सापडायचा नाही. पण पुन्हा कधी दोन कुटुंबं एका दारात आली नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी हिशोबाला बसलो. ज्येष्ठापासूनची सगळी बुकिंगं. दहातली चार थेट, वर थोडी. पाच नाहीत.

काकांनी वही ओढून घेतली. त्यांच्या मते मुलाच्या सासरची माणसं दोनदा आली होती, ती धरायला हवी. मी म्हणालो, त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. मग पक्षी बघायला आलेले ते दोघं? ते फक्त चहा प्यायला थांबले होते. मग पाच नंबरवरचं ते दुसरं कुटुंब? ते साइटीचंच होतं. काका म्हणाले, "तुला शिकवून काय उपेग झाला रं? चाराचं पाच करता येईना."

मी काकूंकडं बघितलं. त्यांच्यासाठी मला ते पाच करावेसे वाटले, हे खरं सांगतो. एक रेघ ओढायची होती, बस. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खोटा आकडा माझ्या चुलीवर नको." मी खरा आकडा मुलाला दाखवायच्या फाइलमध्ये लावला. त्यामागं सगळी कमिशनची बिलंही महिन्यावार लावली. ती लावायला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगा दिवाळीत आला. फाइल घेतली, आकडा बघितला, मान हलवली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पुण्यात भेटणार होता. जाताना त्यानं मला विचारलं, न आलेल्या पाहुण्यांचं कमिशन किती वाचलं ते वेगळं काढलंय का? मी पान दाखवलं.  काका गोठ्यात निघून गेले. मुलगा फाइल घेऊन गेला.

माझी सत्र परीक्षा सुरू झाली. दोन शनिवार मढला जाता आलं नाही. काकांना मी फोन लावला तर ते परीक्षेचं विचारून ठेवून द्यायचे. मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत. हॉस्टेलच्या जेवणात भाजीला चव नव्हती आणि मला सारखं वाटायचं, आता तिथं कुणी दुसरा माणूस पोळ्या लाटत असेल.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि मोबाईल चालू केला, तर हॉटेलच्या नंबरवरून सात फोन येऊन गेलेले. मी लावला. उचलला काकूंनी. एरवी काकू फोनला कधी हात लावत नसत.

त्या सावकाश सांगायला लागल्या. मुलानं कंपनीच्या माणसाला एवढंच विचारलं होतं, की तुम्ही गिऱ्हाईक कुठून आणणार? तो म्हणाला, त्याच दोन साइटींवरून. म्हणजे साइटीला तिचं द्यायचं, वर कंपनीला कंपनीचं. मुलानं फाइलमधली बिलं त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, आमच्याकडं दहातली चार अशीच येतात, त्यातलं तुम्ही किती घेणार? तो माणूस म्हणाला, सगळ्यातलंच.

"सही न्हाई केली त्येनं," काकू म्हणाल्या. "पुढल्या दिवाळीपत्तुर परत पाच म्हनतोय. कंपनीचा मानूस एकदा हॉटेल बघाया आला, त्यो बी सांगून गेला, तुमचं हाय तसं राहू द्या. जेवून गेला."